गेम एकाच कन्सोलला का बांधतात, आणि त्याची किंमत कोण मोजतं?

प्रश्न: यंदा घरात एकच कन्सोल घेता येणार आहे. एक गेम फक्त प्लेस्टेशनवर, दुसरा फक्त एक्सबॉक्सवर, मारिओ तर निन्टेन्डोशिवाय कुठेच नाही. सगळीकडे विकला तर कंपनीला जास्तच पैसे मिळतील ना? मग असं अडकवून का ठेवतात? यात आपल्यासारख्या खेळणाऱ्यांचा काही फायदा आहे की नुसतंच नुकसान?

उत्तर:

सगळीकडे विकला तर त्या एका गेमचे पैसे नक्कीच जास्त मिळतात. पण कन्सोल बनवणारी कंपनी हिशोब त्या एका गेमचा करत नाही. तिची नजर असते ती पुढच्या सहा-सात वर्षांत तुम्ही त्या मशिनवर जे काही विकत घ्याल त्या सगळ्यावर.

सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तिघांच्याही कन्सोलवरच्या डिजिटल दुकानात एक जुना रिवाज आहे. दुसऱ्या कंपनीचा गेम विकला गेला की साधारण ३० टक्के दुकानदाराचे. ७० डॉलरच्या गेममागे २१ डॉलर, एकही ओळ कोड न लिहिता. आता असा माणूस धरा जो वर्षाला चार मोठे गेम घेतो आणि कन्सोल सात वर्षं वापरतो. अठ्ठावीस गेम, प्रत्येकी २१ डॉलर, म्हणजे ५८८ डॉलर. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत बाजारात आला तेव्हा डिस्कवाल्या मशिनची किंमत ४९९ डॉलर होती. म्हणजे मशिनच्या किमतीहून जास्त रक्कम नुसत्या कमिशनमधून येते. त्यात ऑनलाइन खेळण्यासाठीची वर्गणी आणि गेमच्या आत होणारी खरेदी अजून धरलेलीच नाही. मशिन विकून मात्र फारसं काही सुटत नाही. २०२१ साली एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं की एक्सबॉक्सच्या मशिनविक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही.

म्हणून एक्सक्लुझिव्ह, म्हणजे एकाच मशिनला बांधलेल्या, गेमचं काम एकच: तुम्ही पहिलं मशिन निवडता त्या क्षणी तराजू आपल्या बाजूला झुकवायचा. एकदा तुमचे गेम, सेव्ह, ट्रॉफ्या आणि मित्रांची यादी एका खात्यावर जमली की तुम्ही सहसा तिथून हलत नाही. एखादा गेम दुसरीकडे न विकल्यामुळे जे बुडतं, ते यातून वसूल होईल असा अंदाज असतो.

मी गेम एका मशिनवरून दुसऱ्यावर नेण्याचं, म्हणजे पोर्टिंगचं काम करतो, त्यामुळे हे करार मला मागच्या बाजूने दिसतात. खेळणाऱ्याच्या फायद्या-तोट्याचा निवाडा करायला मला एकच प्रश्न उपयोगी पडतो. कन्सोल कंपनीचा पैसा आला नसता, तर हा गेम झाला असता का?

बायोनेटा २ घ्या. पहिला बायोनेटा प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या दोन्हींवर होता, सेगाने प्रकाशित केलेला. दुसऱ्या भागाला पैसे मिळेनात, आणि तेव्हा निन्टेन्डो पुढे आली. २०१२ मध्ये तो फक्त निन्टेन्डोच्या वी यू या कन्सोलवर येणार असं जाहीर झालं तेव्हा जुने चाहते खवळले. त्यांचा राग मला समजतो. पहिला भाग ज्या मशिनवर खेळला, त्यावरच दुसरा नाही, हे पचायला जडच. पण निन्टेन्डोने काही हिसकावून घेतलं नव्हतं. जो गेम झालाच नसता तो तिने उभा केला होता. असा एक्सक्लुझिव्ह मी फायद्याच्या बाजूला लिहितो. कंपन्यांच्या स्वतःच्या स्टुडिओंचे गेमही त्याच बाजूला. मारिओ किंवा झेल्डासाठी निन्टेन्डो वर्षानुवर्षं माणसं पोसते, आणि त्या गेमनी मशिन विकलं जाणार हे ठरलेलं असल्यामुळेच त्या माणसांना घाई न करता काम करू दिलं जातं.

दुसरा प्रकार वेगळा. गेम अर्धाअधिक तयार आहे, प्रकाशकाचा तो सगळीकडे विकण्याचा विचार आहे, आणि अशा वेळी एक कंपनी येऊन म्हणते, "वर्षभर तिकडे विकू नका, त्याचे पैसे आम्ही देतो." इथे पैसा गेम घडवण्यासाठी दिलेला नसतो. तो दुसऱ्यांना थांबवण्यासाठी दिलेला असतो.

याची किंमत कशी ठरते ते फार क्वचित बाहेर येतं. कंट्रोल या गेमच्या बाबतीत आलं, कारण त्याच्या प्रकाशकाची मूळ इटालियन कंपनी डिजिटल ब्रॉस शेअर बाजारात आहे आणि तिला आकडे जाहीर करावे लागले. २०१९ मध्ये पीसीवर हा गेम एपिकच्याच दुकानात ठेवण्यासाठी तिला ९४.९ लाख युरो मिळाले. त्यातले ५५ टक्के गेम बनवणाऱ्या रेमेडी स्टुडिओला गेले. या रकमेचा अर्थ लावून बघू. गेमची किंमत ६० युरो धरा. एपिकचं कमिशन १२ टक्के, म्हणजे एका प्रतीमागे प्रकाशकाकडे साधारण ५३ युरो उरतात, कर बाजूला ठेवला तर. ९४.९ लाखांना ५३ ने भागलं की जवळपास १ लाख ८० हजार प्रती येतात. म्हणजे पीसीवर एकही प्रत विकली जाण्याआधीच, पूर्ण किमतीला १ लाख ८० हजार प्रती विकल्यासारखी रक्कम हातात होती. रेमेडी हा काही अवाढव्य स्टुडिओ नाही. गेम चालेल की आपटेल हे कुणालाच माहीत नसतं, तेव्हा असा पैसा म्हणजे पुढच्या वर्षाच्या पगारांची हमी. स्टुडिओने असा करार केला म्हणून मी त्याला दोष देणार नाही. बरोबर एक वर्षाने, ऑगस्ट २०२० मध्ये, कंट्रोल स्टीम या पीसीच्या दुसऱ्या दुकानात आला.

प्रकाशक दुसऱ्या बाजूने हाच हिशोब करतो: वर्षभर त्या मशिनवर न विकल्याने किती प्रती बुडतील, उशिरा आल्यावर त्यातल्या किती तरीही विकल्या जातील, आणि जाहिरातीचा किती खर्च समोरचा उचलेल. यातून एक गोष्ट सहज कळते. बाजारात जी कंपनी पुढे असते तिला हा करार स्वस्त पडतो, कारण मागे असलेल्या मशिनवर बुडणारी विक्री मुळातच कमी असते. मागे पडलेल्या कंपनीला पुढच्याच्या मशिनपासून गेम दूर ठेवायचा असेल, तर तीच गोष्ट कितीतरी महाग पडते. त्यामुळे पुढे असलेला आणखी पुढे जातो, आणि मागचा काहीतरी मोठं पाऊल उचलायला बघतो.

ते मोठं पाऊल बेथेस्डा या प्रकाशकाच्या बाबतीत पडलं. ही साखळी सुरुवातीपासून बघण्यासारखी आहे, कारण बरेचसे दुवे अमेरिकेच्या न्यायालयात २०२३ साली, मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हिजन खरेदीवरच्या खटल्यात, उघड झाले.

बेथेस्डाचे दोन गेम, डेथलूप आणि घोस्टवायर: टोकियो, यांच्यासाठी सोनीने एकेका वर्षाचा करार केला. डेथलूप प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर सप्टेंबर २०२१ मध्ये आला, एक्सबॉक्सवर सप्टेंबर २०२२ मध्ये. घोस्टवायर मार्च २०२२ मध्ये आला, एक्सबॉक्सवर एप्रिल २०२३ मध्ये. एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी साक्षीत सांगितलं की पुढचा मोठा गेम, स्टारफील्ड, हादेखील एक्सबॉक्सला वगळून जाण्याची शक्यता त्यांच्या कानावर आली होती. तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या कन्सोलला ते परवडणारं नव्हतं. मग मायक्रोसॉफ्टने गेम विकत घेण्याऐवजी सबंध कंपनीच घेतली. बेथेस्डाची मालक झेनिमॅक्स, किंमत साडेसात अब्ज डॉलर. घोषणा सप्टेंबर २०२० मध्ये, व्यवहार पूर्ण मार्च २०२१ मध्ये.

यानंतर जे झालं त्यात खेळणाऱ्याचं नुकसान स्पष्ट दिसतं. स्टारफील्ड सप्टेंबर २०२३ मध्ये एक्सबॉक्स आणि पीसीपुरताच आला. रेडफॉल या गेमची प्लेस्टेशन आवृत्ती बनत होती, ती खरेदीनंतर बंद केली, असं त्याचे दिग्दर्शक हार्वी स्मिथ यांनीच सांगितलं. इंडियाना जोन्सच्या गेमचा डिस्नेशी मूळ करार अनेक मशिनसाठी होता, तो बदलून घेतला. म्हणजे सोनीने दोन गेम वर्षभर अडवले, आणि उत्तरादाखल मायक्रोसॉफ्टने कितीतरी जास्त गेम बेमुदत अडवायला घेतले. या सगळ्यात गेम एकही वाढला नाही. जे होणारच होते त्यांच्याभोवती कुंपण तेवढं पडलं. त्याच खटल्यात सत्या नडेला म्हणाले की त्यांच्या हातात असतं तर त्यांनी कन्सोलवरचे एक्सक्लुझिव्ह काढूनच टाकले असते, पण बाजारात वरचढ असलेल्याने स्पर्धा याच पद्धतीने मांडली आहे. हे बोलणं सोयीचं होतं हे खरं, पण मागे असलेल्याची कोंडी त्यात बरोबर सांगितली आहे.

आणि एवढं करून एक्सबॉक्स विकला गेला का? नाही. स्टारफील्डनंतरच्या काळात मायक्रोसॉफ्टच्या बहुतेक तिमाही अहवालांत एक्सबॉक्स मशिनचं उत्पन्न घसरलेलंच दिसलं. कारण लोकांची खाती आणि गेमसंग्रह आधीच्याच पिढीत प्लेस्टेशनवर जमले होते, आणि एका गेमसाठी सगळं सोडून जाणारे थोडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने चार गेम इतर मशिनवर न्यायचं जाहीर केलं. एप्रिल २०२५ मध्ये इंडियाना जोन्स आणि फोर्झा होरायझन ५ दोन्ही प्लेस्टेशन ५ वर आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर हेलोची नव्याने बांधलेली आवृत्ती प्लेस्टेशनवरही येणार असल्याची घोषणा झाली. ज्या हेलोमुळे २००१ साली पहिला एक्सबॉक्स उभा राहिला, तोच हेलो.

आता फायद्याची बाजू, कारण ती खरी आहे आणि माझ्या कामात मला रोज दिसते.

एकाच मशिनसाठी गेम लिहायचा म्हणजे मेमरी किती, डिस्कचा वेग किती, हे सगळं पक्कं ठाऊक असतं. प्लेस्टेशन ५ च्या आतली साठवणीची डिस्क, म्हणजे एसएसडी, सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचते. रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट हा २०२१ चा गेम त्या वेगावर बेतलेला आहे. तुम्ही एका दारातून उडी मारता आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दुसऱ्या जगात असता, कारण ते जग त्या क्षणी डिस्कवरून उचललं जातं. चार वेगवेगळ्या मशिनसाठी तोच गेम लिहायचा असता तर सगळ्यात हळू डिस्कचा विचार करून ती उडीच रद्द झाली असती, किंवा मध्ये एक लांब बोगदा घातला गेला असता. दोन वर्षांनी हाच गेम पीसीवर आला आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरही चालला, पण दारातून जाताना अडखळत. म्हणजे "हा दुसरीकडे शक्यच नाही" या जाहिरातीत अतिशयोक्ती होती. तरी एकाच मशिनची खात्री नसती तर तो प्रसंग कुणी लिहायला घेतला असता असं मला वाटत नाही.

याच्या उलट बाजूला एक्सबॉक्स सिरीज एस आहे. सिरीज एक्समध्ये १६ गिगाबाइट मेमरी आहे, एसमध्ये १०, आणि दोन्हीवर गेममधल्या सोयी सारख्याच असल्या पाहिजेत असा मायक्रोसॉफ्टचा आग्रह. बाल्डर्स गेट ३ प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये. तेव्हा अनेकांनी गृहीत धरलं की सोनीने पैसे दिले असणार. तसा काही करारच नव्हता. दोघांनी एकाच पडद्यावर खेळायचं म्हणजे मशिनला जगाचे दोन तुकडे एकाच वेळी सांभाळावे लागतात, आणि ते एसच्या मेमरीत बसत नव्हतं. शेवटी मायक्रोसॉफ्टने नियम सैल केला आणि एसवर ती सोय वगळून गेम सोडला. एखादा गेम तुमच्या मशिनवर नाही म्हणजे तो कुणीतरी अडवलाच असेल, असं नसतं. करार असला की तो बहुधा मिरवला जातो, ट्रेलरमध्ये मोठ्या अक्षरांत येतो. तांत्रिक अडचण असली की आधी शांतता असते आणि मग स्टुडिओतला कुणीतरी खुलासा करतो.

नुकसानीचं सर्वांत दुखरं उदाहरण मात्र माझ्या मते ब्लडबोर्न. फ्रॉमसॉफ्टवेअरने सोनीच्या जपानमधल्या स्टुडिओबरोबर बनवलेला, मार्च २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आलेला. सोनीच्या पैशांतूनच झाला, म्हणजे माझ्या पहिल्या प्रश्नाच्या कसोटीवर फायद्याच्याच बाजूचा. पण त्याचे हक्क सोनीकडे आहेत आणि सोनीने त्याला हात लावलेला नाही. तो सेकंदाला ३० चित्रांवर बांधलेला आहे. ३० चित्रं म्हणजे प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद पडद्यावर राहायला हवं. ब्लडबोर्नमध्ये काही चित्रं १७ मिलिसेकंदांत निघून जातात आणि पुढचं ५० पर्यंत रेंगाळतं. सरासरी ३० च भरते, पण कॅमेरा हळूहळू फिरवून बघा, कडा थरथरताना दिसतील. प्लेस्टेशन ५ वर लोडिंग पटकन होतं, पण ही थरथर तशीच राहते, कारण ती मशिनच्या ताकदीची अडचण नाही, गेममध्ये चित्रं सोडण्याच्या वेळापत्रकाची आहे. स्टुडिओच्या हातात कोड दिला तर हा दोष नीट करता येण्याजोगा आहे. गेम पीसीवर असता तर चाहत्यांनी तो केव्हाच दूर केला असता. त्याच स्टुडिओच्या पहिल्या डार्क सोल्सची पीसी आवृत्ती २०१२ मध्ये वाईट अवस्थेत आली, आणि एका चाहत्याने थोड्याच वेळात तिचं रिझोल्यूशन मोकळं करून दिलं होतं. ब्लडबोर्नसाठी लोकांना पीसीवर प्लेस्टेशन ४ ची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरचा आधार घ्यावा लागला, आणि आज हा गेम ६० चित्रांवर बघायचा तर अधिकृत मार्गच नाही. एका मशिनला बांधलेला गेम त्या मशिनबरोबर म्हातारा होतो. खेळणारा विकत घेताना हे नुकसान मोजत नाही, कारण ते दहा वर्षांनी दिसतं.

मुदतीचे करार तरी ठरल्या दिवशी सुटतात का? कागदावर सुटतात. फायनल फँटसी १६ बघा. जाहिरातीत स्वच्छ लिहिलं होतं: प्लेस्टेशन ५ वर सहा महिने एक्सक्लुझिव्ह. गेम आला जून २०२३ मध्ये. सहा महिने डिसेंबरला संपले. पीसीवर तो सप्टेंबर २०२४ मध्ये पोहोचला आणि एक्सबॉक्सवर जून २०२५ मध्ये. निर्माते नाओकी योशिदा यांनी आधीच सांगितलं होतं की मुदत सहा महिन्यांची असली तरी पीसी आवृत्ती तेवढ्यात होणार नाही. असं का होतं ते बाहेरून कळत नाही. स्टुडिओची अनुभवी माणसं शेवटच्या दिवसापर्यंत एकाच आवृत्तीवर असतात, आणि दुसऱ्या मशिनचं काम त्यानंतर सुरू होतं. मग चित्र काढणाऱ्या भागाचं पुनर्लेखन, मेमरीचं नवं गणित, सेव्ह आणि ट्रॉफ्यांची वेगळी व्यवस्था, कन्सोल असेल तर त्या कंपनीची तपासणी, त्यात नापास झालं की पुन्हा दुरुस्ती. करारात लिहिलेली मुदत ही "याआधी विकायचं नाही" एवढंच सांगते. "या दिवशी मिळेल" असं ती कधीच सांगत नाही. शिवाय पहिल्या दिवशीचा गाजावाजा तोवर विरलेला असतो. फायनल फँटसीच्या नव्या भागांची विक्री अपेक्षेएवढी झाली नाही हे त्याचा प्रकाशक स्क्वेअर एनिक्सने २०२४ मध्ये मान्य केलं, आणि यापुढे अनेक मशिनवर जाण्याचं धोरण जाहीर केलं.

हे बदलण्यामागे मुख्य कारण खर्च आहे. त्याच २०२३ च्या खटल्यात सोनीच्या कागदांवरची काळी शाई नीट लागली नव्हती म्हणून दोन आकडे सगळ्या जगाला वाचता आले: द लास्ट ऑफ अस पार्ट २ ला २२ कोटी डॉलर लागले आणि होरायझन फॉरबिडन वेस्टला २१.२ कोटी. २२ कोटींना ६० डॉलरने भागा, दुकानदाराचा वाटा शून्य धरा, तरी नुसता खर्च निघायला ३७ लाख प्रती लागतात, आणि यात जाहिरात धरलेली नाही. द लास्ट ऑफ अस पार्ट २ ने हा टप्पा पार केला, पण प्रत्येक गेम तेवढा चालत नाही. म्हणून सोनीही पीसीकडे वळली. हेलडायव्हर्स २ तर फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी आला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सबॉक्सवरही. मित्रांनी एकत्र खेळायचा गेम अडवून ठेवला तर खेळायला माणसंच कमी पडतात, हे तिथे फार लवकर कळतं.

निन्टेन्डो मात्र या प्रवाहात नाही आणि नजीकच्या काळात येईल असं मला वाटत नाही. तिचे गेम तुलनेने कमी खर्चात होतात आणि वर्षानुवर्षं पूर्ण किमतीच्या आसपास विकले जातात. मारिओ कार्ट ८ वी यू वर ८४ लाख प्रतींच्या आसपास थांबला. तोच गेम थोड्या भरीसह तिच्याच पुढच्या मशिनवर, स्विचवर, आला आणि सहा कोटींच्या वर गेला. असा गेम घरात असताना तो दुसऱ्याच्या दुकानात ३० टक्के देऊन विकण्याचं तिला काहीच कारण नाही.

तुमच्या खरेदीबद्दल. भारतात हा प्रश्न जास्त बोचतो, कारण अमेरिकेत दुसरं मशिन घेणं लोकांना जेवढं सोपं जातं तेवढं इथे जात नाही. प्लेस्टेशन ५ इथे फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि नंतर महागला. निन्टेन्डोची इथे अधिकृत विक्रीच नाही, त्यामुळे स्विच घेताना आयात केलेलं मशिन, दुकानदार सांगेल ती किंमत आणि दुकानदार देईल तीच वॉरंटी.

म्हणून गेमनुसार मशिन ठरवताना ट्रेलरच्या शेवटी येणारी बारीक अक्षरं थांबवून वाचा. "कन्सोल एक्सक्लुझिव्ह" असेल तर पीसीवर तो आहे किंवा येणार आहे असं समजायला हरकत नाही. "लाँच" हा शब्द किंवा महिन्यांचा आकडा असेल तर मुदतीचा करार आहे. आणि सगळ्यात महत्त्वाची ती कॉपीराइटची ओळ. तिथे स्क्वेअर एनिक्ससारख्या बाहेरच्या प्रकाशकाचं नाव असेल तर गेम आज ना उद्या दुसरीकडे येईल, दीड-दोन वर्षांची तयारी ठेवा. सोनीचं नाव असेल आणि एकट्याने खेळायचा गेम असेल तर पीसीवर आलाच तरी बराच वेळ लागेल, एक्सबॉक्सवर यायची आशा धरू नका. निन्टेन्डोचं असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. मायक्रोसॉफ्टचं असेल तर सध्या तरी तो प्लेस्टेशनवरही येण्याची शक्यता चांगली आहे, त्यामुळे तेवढ्या एका गेमसाठी एक्सबॉक्स घेऊ नका.

घरात बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डचा पीसी आधीच असेल तर एक्सबॉक्सचे सगळे नवे गेम त्यावर पहिल्या दिवसापासून मिळतात, आणि सोनीचे बरेचसे उशिरा पण सवलतीत मिळतात. मग कन्सोल म्हणून स्विचचा विचार करा, कारण पीसीवर न मिळणारं असं तिथेच जास्त आहे. पीसी नसेल तर प्लेस्टेशन ५, आणि तोही डिस्कवाला. सोनीच्या एक्सक्लुझिव्हच्या वापरलेल्या डिस्क मुंबई-पुण्यात चांगल्या फिरतात. खेळून झाला की विकता येतो, आणि दुसऱ्याने विकलेला कमी पैशांत घेता येतो. डिजिटल आवृत्तीवाल्याकडे एकच दुकान उरतं.